एकाच पोलिओसाठी थेंबही आणि सुईही: दोन लशी, दोन ठिकाणची आठवण

प्रश्न: आमची मुलगी दीड महिन्याची आहे. परवा महापालिकेच्या दवाखान्यात तिला पोलिओचे दोन थेंब पाजले आणि वर उजव्या दंडावर पोलिओचंच इंजेक्शनही दिलं. सिस्टर म्हणाल्या, थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि सुईत मारलेला. एकाच आजाराला दोन लशी कशाला? जिवंत विषाणूने बाळाला काही होणार तर नाही ना? आणि पुढच्या महिन्यात गावी जायचंय, एखादा डोस लांबला तर परत पहिल्यापासून सुरू करायचं का? (एक आई, परळ)

उत्तर:

थोडक्यात सांगायचं तर सुई तुमच्या मुलीला लुळेपणापासून वाचवते आणि थेंब विषाणूला तिच्या आतड्यात ठाण मांडू देत नाहीत. दोन्ही लशी शरीराला एकाच विषाणूची ओळख करून देतात, पण ती ओळख शरीरात वेगवेगळ्या जागी साठते. जिवंत आणि मारलेल्या लशीतला फरक समजून घ्यायला पोलिओइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण इथे आजार एकच आहे आणि दोन्ही प्रकार एकाच बाळाच्या कार्डावर दिसतात.

आधी विषाणूची वाट पाहू. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून किंवा हातावरून तोंडात जातो, घशात आणि आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. बहुतेक मुलांत गोष्ट तिथेच संपते, कुणाला कळतही नाही. काही मुलांत तो आतड्यातून रक्तात उतरतो आणि त्यांपैकी थोड्यांत मज्जारज्जूपर्यंत पोचतो. तिथे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मेल्या की पाय लुळा पडतो. हे साधारण दोनशे संसर्गांमागे एकाच मुलात होतं. म्हणजे विषाणूला अडवायच्या जागा दोन आहेत: एक आतड्यात शिरतानाची, दुसरी रक्तातून मज्जारज्जूकडे जातानाची. विषाणूला पकडून निकामी करणारी शरीरातली प्रथिनं म्हणजे प्रतिपिंडं. रक्तातली प्रतिपिंडं म्हणजे फ्लॅटच्या दारावरचं कुलूप आणि आतड्यातली प्रतिपिंडं म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. कुलूप पक्कं असलं तर चोर तुमच्या घरात येणार नाही, पण आवारात फिरून शेजाऱ्याकडे जायला तो मोकळाच असतो.

आता सुईने काय झालं ते बघा. सिस्टरनी लस स्नायूत दिली नाही, कातडीतच दिली. अगदी बारीक सुई, ०.१ मिलिलिटर लस. नीट दिली असेल तर त्या जागी लगेच एक छोटासा पांढुरका फुगवटा आला असेल आणि थोड्या वेळाने तो जिरला असेल. खासगी दवाखान्यात हीच लस ०.५ मिलिलिटर एवढी स्नायूत देतात, बहुधा सहा आजारांच्या एकत्रित लशीतून. सरकारी कार्यक्रमात पाचवा हिस्सा पुरतो, कारण कातडीत परक्या वस्तू पकडणाऱ्या पेशी दाटीने असतात.

या लशीतला विषाणू पेशींवर वाढवून, मग फॉर्मॅलिनने मारलेला असतो. त्याचं बाहेरचं कवच शाबूत असतं, पण तो पेशीत शिरून वाढू शकत नाही. त्या पकडणाऱ्या पेशी कवचाचे तुकडे गोळा करतात आणि एखाद्या दिवसात लसिकावाहिन्यांतून उजव्या काखेतल्या गाठीपर्यंत नेतात. लहान मुलांच्या पायाला जखम झाली की जांघेत अवधाणाची गाठ येते ना, त्याच जातीच्या या गाठी. लशीची खरी शाळा दंडावर नाही, इथे भरते.

गाठीत प्रतिपिंडं घडवणाऱ्या असंख्य बी पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावरचा पकडीचा साचा वेगळा असतो. त्यांतल्या मोजक्याच पेशींचा साचा पोलिओच्या कवचाला कसाबसा बसतो. मदतनीस टी पेशींनी दुजोरा दिला की या मोजक्या पेशी झपाट्याने विभागू लागतात. विभागताना त्यांच्या साच्यात मुद्दाम छोटे छोटे बदल होत राहतात. ज्यांची पकड आधीपेक्षा घट्ट झाली त्या टिकतात, सैल झाली त्या मरतात. ही निवड काही आठवडे चालते आणि चांगली मुरायला काही महिने लागतात. त्यातून दोन प्रकारच्या पेशी तयार होतात. एक प्रकार हाडांच्या मगजात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं रक्तात सोडत राहतो. दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिपेशी. त्या काहीच सोडत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. तोच विषाणू किंवा तीच लस परत समोर आली की त्या काही दिवसांत प्रतिपिंडांचा लोट उभा करतात. पहिल्या वेळी त्यालाच दोन ते चार आठवडे लागले होते.

रक्तात प्रतिपिंडं दिसणं आणि आठवण तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालकांनाच काय, अनेक डॉक्टरांनाही हे स्वच्छ ठाऊक नसतं. क्युबातल्या एका अभ्यासात हे फार सुंदर दिसलं. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या चार महिन्यांच्या बाळांना मारलेल्या लशीचा पाचवा हिस्सा, म्हणजे तुमच्या मुलीला मिळाला तेवढाच, कातडीत दिला आणि चार महिन्यांनी दुसरा. पोलिओच्या विषाणूचे टाइप १, २ आणि ३ असे तीन प्रकार आहेत. पहिल्या डोसनंतर त्यांतल्या टाइप २ विरुद्धची प्रतिपिंडं जेमतेम निम्म्या बाळांच्या रक्तात दिसली. रक्ताच्या रिपोर्टवर गेलात तर उरलेल्या निम्म्यांत लस वाया गेली असंच म्हणाल. पण दुसऱ्या डोसनंतर फक्त सात दिवसांनी रक्त तपासलं, तेव्हा या ‘वाया गेलेल्यां’पैकी दहातल्या नवांहून जास्त बाळांत प्रतिपिंडं वर आली होती. सात दिवसांत असं कोऱ्या शरीराला जमत नाही. म्हणजे पहिल्या डोसाने आठवण तयार केली होती, ती रक्तात दिसत नव्हती इतकंच. पोलिओचा विषाणू तोंडात गेल्यापासून लुळेपणा यायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणून ही आठवड्याभरात जागी होणारी आठवण उपयोगी असते, तरी आम्ही तिच्यावर एकटीवर विसंबत नाही. विषाणू येण्याआधीच रक्तात प्रतिपिंडं असलेली बरी, म्हणून पुढचे डोस.

मारलेल्या लशीच्या मर्यादाही यातूनच कळतात. ती वाढत नाही, त्यामुळे सुईतून जेवढी गेली तेवढीच शरीराला दिसणार, आणि थोड्या दिवसांत ती साफ होणार. शाळा एका डोसावर अर्धी राहते, ती परत भरवावी लागते. दुसरा डोस इथे खरोखर उजळणीचा असतो. आणि त्याला घाईही चालत नाही, कारण निवड चालू असताना, पहिल्या फेरीतली प्रतिपिंडं भरात असताना दिलेली लस बरीचशी तिथेच अडते. म्हणून दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, आणि जास्त असले तर आणखी बरं. आपल्या वेळापत्रकात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि २०२३ पासून नऊ महिने अशा तीन वेळा ही सुई आहे. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात आलेली असतात, तीही लशीला झाकतात. ती ओसरू लागावीत म्हणूनही ही लस जन्मतः देत नाहीत. नऊ महिन्यांचा डोस म्हणूनच मोलाचा आहे.

दुसरी मर्यादा जागेची. काखेतल्या गाठीत घडलेल्या पेशींना आतड्याचा रस्ता ठाऊक नसतो. रक्तात प्रतिपिंडं भरपूर होतात, आतड्याच्या अस्तरावर नाममात्र. अशा मुलाच्या पोटात विषाणू गेला तर त्याला लुळेपणा येणार नाही, पण त्याच्या शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहील. अमेरिकेत २००० पासून फक्त सुईच देतात. तिथे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला आणि तोच विषाणू आसपासच्या सांडपाण्यातही सापडला. लस घेतलेल्यांना काही झालं नाही, पण विषाणू लोकांमधून फिरत राहिला आणि ज्याच्या दाराला कुलूप नव्हतं त्याला त्याने गाठलं.

थेंबांचं काम नेमकं इथे सुरू होतं. दोन थेंबांत टाइप १ आणि टाइप ३ चे अशक्त केलेले विषाणू असतात, दहा लाखांच्या आसपास. प्रयोगशाळेत पेशींवर वाढवत वाढवत त्यांतले असे वाण निवडले आहेत, जे आतड्यात जोमाने वाढतात पण चेतापेशींत त्यांना नीट वाढता येत नाही. बाळाने थेंब गिळले की विषाणू घशात आणि आतड्याच्या भिंतीतल्या गाठींत रुजतात आणि काही आठवडे वाढत राहतात. शरीराला दिसणारी लस मग दोन थेंबांपुरती राहत नाही, रोज नवी तयार होते. शाळा आतड्यातच भरते, आणि तिथे घडलेल्या पेशींना परत आतड्याकडेच जाण्याची खूण मिळते. त्या तिथे आयजीए नावाची प्रतिपिंडं अस्तरावर सोडतात. विषाणू प्रत्यक्ष पेशींत शिरलेला असल्यामुळे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशीही तयार होतात, त्या मारलेल्या लशीने फारशा होत नाहीत.

ऐकायला वाटतं की मग थेंबच पुरे की. पण जिवंत लशीची एक अट असते: ती रुजली पाहिजे. बाळाला जुलाब होत असतील, आतड्यात दुसरे विषाणू आधीच मुक्काम ठोकून असतील, तर लशीच्या विषाणूला जागा मिळत नाही आणि डोस नुसताच निघून जातो. उत्तर प्रदेशात तिन्ही टाइप असलेल्या जुन्या थेंबांचा एक डोस टाइप १ विरुद्ध जेमतेम ९ टक्के मुलांना संरक्षण देत होता, असं २००६ च्या विश्लेषणात दिसलं. लस खराब नव्हती, आतड्यांत गर्दी होती.

म्हणूनच दोन्ही लशींचे डोस पुन्हा पुन्हा दिले तरी त्यामागचं कारण एक नाही. सुईचा दुसरा डोस म्हणजे आधीच्या धड्याची उजळणी. थेंबांचा दुसरा डोस बहुतांशी नव्याने केलेला प्रयत्न असतो: मागच्या वेळी रुजला नसेल तर या वेळी रुजेल. एकदा प्रत्येक टाइप नीट रुजला की आठवण पक्की होते. पण तो कोणत्या डोसाला रुजला हे बाहेरून कळत नाही, म्हणून जन्मतः, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, पुढे दीड वर्षाच्या सुमाराला आणि शिवाय पोलिओ रविवारी. ‘मागच्या महिन्यात पाजलाय, आता परत कशाला’ असं दारावर आलेल्या सेविकेला सांगणाऱ्या घरांना मी हेच समजावत आलो आहे.

आता दोन्ही एकत्र का, याचं सर्वांत पटणारं उत्तर आपल्याच देशातून मिळालं. मुरादाबादच्या भागात, ज्यांना आधी थेंबांचे बरेच डोस मिळाले होते अशा मुलांचे गट केले. काहींना मारलेल्या लशीची एक सुई दिली, काहींना आणखी एकदा थेंब दिले, काहींना काहीच दिलं नाही. चार आठवड्यांनी सगळ्यांना थेंब पाजले आणि पुढच्या दोन आठवड्यांत कुणाच्या शौचात लशीचा विषाणू निघतो ते तपासलं. ज्याचं आतडं सावध, त्याच्या शौचात विषाणू कमी, अशी ही परीक्षा. ज्यांना आधी काहीच दिलं नव्हतं त्यांच्या तुलनेत सुई घेतलेल्यांत विषाणू निघण्याचं प्रमाण वयानुसार आणि टाइपनुसार ३९ ते ७६ टक्क्यांनी कमी होतं. जास्तीच्या थेंबांनी मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१४ मध्ये आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांना आश्चर्य वाटलं, कारण दंडावरच्या सुईने आतडं कसं सावध होईल? उत्तर स्मृतिपेशींत आहे. थेंबांनी आधीच आतड्याची खूण असलेल्या स्मृतिपेशी घडवलेल्या होत्या. सुईने त्यांना जागं केलं आणि त्या आपल्या जागी परत गेल्या. ज्या बाळाला थेंब कधी मिळालेच नाहीत, त्याला सुई ही आठवण देऊ शकत नाही, कारण जागं करायला तिथे कुणी नसतं.

तुमची काळजी रास्त आहे, जिवंत विषाणू आहे म्हटल्यावर ती वाटणारच. अशक्त केलेला विषाणू आतड्यात वाढताना त्याच्यात बदल होतात आणि क्वचित त्याची गेलेली ताकद परत येते. लशीच्या थेंबांनीच लुळेपणा येणं ही खरी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज साधारण २७ लाख डोसांमागे एक असा होता. ज्या वस्तीत बरीच मुलं लशीविना आहेत, तिथे हा विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन्महिने फिरत राहिला तर तो जवळपास निसर्गातल्या मूळ, म्हणजे रानटी विषाणूसारखा वागू लागतो. टाइप २ या बाबतीत सर्वांत वाईट, कारण त्याला अशक्त ठेवणारे मुख्य बदल मोजकेच आणि ते सहज उलटतात. रानटी टाइप २ तर १९९९ नंतर जगात कुठेच दिसला नव्हता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून टाइप २ काढून टाकला, भारतातही त्याच महिन्यात. तेव्हापासून टाइप २ पासून तुमच्या मुलीचं रक्षण फक्त ती उजव्या दंडावरची सुई करते. ‘थेंब तर पाजलेत, सुई राहू दे’ असं कुणी म्हणालं तर हे त्यांना सांगा.

निरोगी बाळासाठी धोका अतिशय कमी आहे, आणि सुईने रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की तो आणखी घटतो. पण काही घरांत थेंब द्यायचे नसतात. बाळाला जन्मतः प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असेल, कॅन्सरचे उपचार किंवा जास्त मात्रेचे स्टेरॉइड चालू असतील, तर कोणतीच जिवंत लस विचारल्याशिवाय देऊ नये. घरात दुसरं कुणी अशा अवस्थेत असेल तरी आधी डॉक्टरांना सांगा, कारण बाळाच्या शौचातून लशीचा विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. अशा बाळांना सुईच पूर्ण मात्रेत देतात. घराण्यात आधीचं एखादं मूल पहिल्या वर्षातच वरचेवर गंभीर संसर्ग होऊन गेलं असेल, तर ही माहिती लसीकरणाच्या टेबलावर आपणहून द्या, रांगेत ती विचारली जाईलच असं नाही. बाकी साधी सर्दी, हलका ताप, आईचं दूध यांतलं काहीही आड येत नाही. थेंब पाजल्यावर बाळाने लगेच ओकारी काढली तर सिस्टरना तिथल्या तिथे सांगा, त्या परत पाजतील. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा.

लशीचा दर्जा तुम्ही स्वतः काही प्रमाणात पाहू शकता. थेंबांच्या कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती कुपी टाकून द्यायची. जिवंत लस उष्णतेने मरते आणि मेलेला विषाणू रुजत नाही, म्हणून मुंबईच्या मे महिन्यात हे बघणं गैर नाही, हक्काने विचारा. मारलेल्या लशीचं उलट आहे, तिला गोठणं सोसत नाही. ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते, आणि गोठून गेली असेल तर ते कुपीवरच्या चौकोनावरून कळत नाही. त्यासाठी दवाखान्यातल्या फ्रिजची रोजची तापमानाची नोंद पाहावी लागते.

भारतातली रानटी पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडली, आणि तरी आपण थांबलेलो नाही. परळलाच हाफकिनच्या आवारात असलेल्या एंटेरोव्हायरस प्रयोगशाळेत सांडपाण्यातला पोलिओ शोधण्याचं काम होतं. देशात ही सांडपाण्याची तपासणी २००१ मध्ये मुंबईपासूनच सुरू झाली. विषाणू इतर देशांतून कधीही परत येऊ शकतो, आणि तो आधी गटारात दिसतो, मग मुलाच्या पायात.

आता गावी जाण्याचं. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. स्मृतिपेशी चार आठवड्यांऐवजी दहा आठवडे वाट बघतात, त्यांना फरक पडत नाही, उलट त्यांची निवड आणखी मुरलेली असते. लांबण्यातला तोटा एवढाच की मधल्या काळात बाळ अर्धवट संरक्षित राहतं. चार आठवड्यांच्या आत दिलेला डोस मात्र मोजत नाहीत. त्यामुळे निघण्याआधी घाईघाईने, तारखेच्या आधी देऊन टाकू नका. कार्ड बरोबर न्या. दहा आठवड्यांचे थेंब गावच्या उपकेंद्रातही मिळतील, तिथल्या सिस्टरना कार्ड दाखवा आणि तारीख लिहून घ्या. चौदा आठवड्यांना थेंबांबरोबर सुईचा दुसरा डोस आहे, तो परतल्यावर इथे घेतलात तरी चालेल. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर तिसरी सुई असते, ती डाव्या दंडावर. त्या दिवशी दोन टोचण्या झाल्या की मुलं फार रडतात आणि आयांना वाटतं की एक पुढच्या वेळी घेऊ. दोन्ही त्याच दिवशी घ्या.